एका इन्स्टॉलमागे पावणेनऊ रुपये, हातात येणार एक

मोबाईल गेमच्या धंद्यावर मी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण आमच्या गल्लीतल्या एका पोराने वाघ-बकरीच्या पटावर बेतलेला छोटा गेम केलाय. गेम चांगला आहे, मी स्वतः खेळतो. आता त्याच्या जाहिरातीसाठी आईच्या पाटल्या ठेवून पन्नास हजारांचं सोनेतारण काढायचं घरात चाललं होतं. म्हणून वही घेऊन बसलो.

त्याने आधीच ३ हजारांची जाहिरात करून पाहिली होती. त्यातून ४०० जणांनी गेम डाउनलोड केला. "काका, साडेसात रुपयाला एक माणूस पडला," म्हणाला. मी म्हटलं, जीएसटी कुठाय? १८ टक्के, म्हणजे ५४० रुपये वेगळे. ३,५४० भागिले ४०० म्हणजे ८ रुपये ८५ पैसे. ही झाली कॉस्ट पर इन्स्टॉल, म्हणजे एक माणूस दारात आणायचा खर्च.

खरा प्रश्न पुढे आहे. दारात आलेला हा माणूस गेम काढून टाकेपर्यंत आपल्याला किती मिळवून देतो? त्याला लाइफटाइम व्हॅल्यू म्हणतात. नाव भारी असलं तरी गणित किराणा दुकानाचंच: गिऱ्हाईक किती दिवस येणार आणि दर दिवशी किती देणार.

आधी दिवस. ४०० पैकी दुसऱ्या दिवशी १२० जण परत आले, सातव्या दिवशी ३२, तिसाव्या दिवशी १२. म्हणजे ३० टक्के, ८ टक्के, ३ टक्के. मधले दिवस त्याच उताराने धरून सगळ्यांची बेरीज केली आणि पहिला दिवस मिळवला, तर महिन्याभरात एक माणूस सरासरी तीन दिवस खेळतो. शंभरातले सत्तर पहिल्याच दिवशी जातात, ते या सरासरीत आलेच.

आता पैसे. गेम फुकट आहे, कमाई आत दिसणाऱ्या जाहिरातींची. त्याच्या खात्यात हजार जाहिराती दाखवल्या की साधारण ८० रुपये जमा होतात आणि एक माणूस दिवसाला चार जाहिराती पाहतो. म्हणजे दिवसाला ३२ पैसे. तीन दिवसांचे ९६ पैसे. पावणेनऊ रुपये घालून एक रुपयाही नाही!

पन्नास हजारांना लावून बघा. साधारण ५,६५० माणसं येतील आणि महिन्याभरात साडेपाच हजारांच्या आत परत देतील. "काका, लोक महिन्यानंतरही खेळतील ना?" खेळतील. तोच उतार सहा महिन्यांपर्यंत ओढला, तर तीनाचे पाच दिवस होतात, म्हणजे १ रुपया ६० पैसे. पाटल्या तरीही सुटत नाहीत. शिवाय जाहिरातीचे पैसे आज जातात आणि कमाई पुढच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येते, तीही १०० डॉलर साठले तरच. सोनेतारणाचं व्याज तेवढं थांबत नाही.

यात एक गोम आहे. आधी त्याने दुसऱ्या दिवशी परतणारे ५५ टक्के धरले होते. हा आकडा कॉलेजच्या दोस्तांचा आणि मावस-चुलत भावंडांचा होता. जाहिरात बघून आलेला अनोळखी माणूस असा टिकत नाही, त्याचा हिशेब वेगळाच ठेवावा लागतो. आमच्या धंद्यातही स्कीममध्ये बादली मिळाली म्हणून पेपर लावणारे आणि स्वतःहून लावणारे एकाच रकान्यात धरले की खप छान दिसतो, बादली संपेपर्यंत!

उलट बाजूही सांगतो. तिसाव्या दिवशीचे ते १२ जण म्हणजे फार थोडी माणसं. ते ८ असते किंवा १६ असते तरी नवल नव्हतं. पण इथे तफावत नऊ पटींची आहे, चार माणसांनी ती भरत नाही. तफावत दीडपट असती, तर आणखी एक छोटी चाचणी करा म्हणालो असतो.

मधेच एका एजन्सीचा फोन आला, दोन रुपयाला इन्स्टॉल देतो म्हणून. अशा स्वस्त मालात बक्षिसाच्या नाण्यांसाठी गेम उतरवून लगेच काढणारे बरेच असतात. ओळखायचं सोपं आहे: दुसऱ्या दिवशी शंभरातले दोन-तीनच परतले, तर तो खेळणारा नव्हेच. आणि इथे माणूस एक रुपया देतोय, त्यामुळे दोन रुपयांचा भावही महागच.

जाहिराती चाराच्या आठ करू का, असं त्याने विचारलं. केल्या तर दिवसाचे पैसे वाढतील, पण दर डावामागे जाहिरात आली की लोक पळतील, दिवस घटतील. दोन्ही आकडे एकत्रच बघावे लागतात.

सध्या कर्जाचा अर्ज घरातच आहे. पोराने आकडे उघडून पाहिले, तर चौथ्या डावात बरेच जण अडकून सोडून जातात. आधी तो डाव सोपा करतोय. मग पुन्हा ३ हजारांची चाचणी, स्वतःच्या शिकवणीच्या पैशातून. नवे आकडे आले की इथेच टाकतो.