शहाळं

मित्राला डायलिसिस सुरू झाल्याचं कळलं आणि मी पहिल्याच रविवारी दोन शहाळी घेऊन त्याच्याकडे गेलो. दारातूनच म्हणालो, “अरे, महिन्याभरात ठणठणीत होशील!” तो नुसता हसला. वहिनींनी शहाळी आत नेली. निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “यांना शहाळं चालत नाही, भावजी.” मूत्रपिंडं काम करत नसली की शहाळ्यातलं पोटॅशियम अंगात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

घरी येताना मला शहाळ्यापेक्षा माझं वाक्य जास्त टोचत होतं. त्याची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली आहेत. प्रत्यारोपण झालं नाही तर आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, हे त्याला जन्मभर करायचं आहे. ‘लवकर बरा हो’ ऐकल्यावर त्यानं काय म्हणावं? मला बरं वाटावं म्हणून तो हसला, एवढंच. आजारी माणसाला पाहुण्याची समजूत काढावी लागावी, हे मला फार लागलं.

पुढच्या वेळी आधी वहिनींना फोन केला. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो दवाखान्यात असतो आणि परतल्यावर अगदी गळून जातो. म्हणून गुरुवारी सकाळी गेलो, रिकाम्या हातानं. चहा नको म्हणून त्यांना आधीच सांगितलं होतं. त्याला दिवसभराचं पाणी मोजून मिळतं. त्याच्यासमोर कपभर चहा पिणं मला जमलं नसतं.

खुर्ची ओढून त्याच्या उजव्या बाजूला बसलो. डाव्या हातावर फिस्टुला आहे, म्हणजे धमनी आणि शीर जोडून सुयांसाठी केलेली जागा. तो हात दाबायचा नसतो, त्यावर रक्तदाबही मोजत नाहीत. विचारलं, “कालचा दिवस कसा गेला?” ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला ‘बरा आहे’ हे उत्तर ठरलेलंच असतं. कालच्या दिवसाबद्दल मात्र माणसाला काही सांगता येतं.

थोडा वेळ तो गप्प होता. मीही काही बोललो नाही. मग म्हणाला, “शेवटच्या तासात पायात गोळे येतात रे.” उपाय माझ्या ओठांवर आले होते, ते गिळले. “मग काय करतोस?” एवढंच विचारलं. नर्सना लगेच हाक मारायची, हे त्याला आता कळलं होतं. पहिल्या दिवशी संकोचून त्यानं तसंच सोसलं होतं. शेजारच्या खाटेवरचे शिक्षक चार तास रेडिओ ऐकतात, हेही सांगितलं. बोलता बोलता त्याचा आवाज नेहमीसारखा झाला.

अर्ध्या तासानं डोळे जड झालेले दिसले, तसा मी उठलो. “थांब जरा,” तो म्हणाला आणि डावा हात पुढे केला. “इथं बोट ठेव. हलकंच.”

कातडीखाली रक्त थरथरत होतं, मुठीत धरलेल्या भुंग्यासारखं.

“रोज सकाळी उठल्यावर आधी हे बघायचं,” तो म्हणाला. “चालू आहे.”