होन हाती का लागत नव्हते

“मामा, हा होन माझ्याभोवती गरगर फिरतोय. तो येणार आहे की नाही?”

भाच्याचा हा प्रश्न मी आधी हसण्यावारी नेला. आम्ही दोघे मित्र मिळून संगणकावरचा एक छोटा खेळ बनवत होतो. चित्रं मित्राची, कोड माझं. मावळा होऊन गडावरून धावत, उड्या मारत जायचं आणि वाटेत विखुरलेले सोन्याचे होन गोळा करायचे, असा साधा खेळ. प्रत्येक होनावर नेमकं पाऊल ठेवायला लागलं तर खेळणारा वैतागतो, म्हणून मी मॅग्नेट घातलं होतं. खेळाडू अडीच एककांच्या आत आला की होन आपणहून त्याच्याकडे ओढला जायचा. (एक एकक म्हणजे साधारण आमच्या मावळ्याची उंची.) पण मी कोड बदलत राहिलो तरी भाच्याचा पहिल्या पातळीचा आकडा कधीच १२० पैकी १२० झाला नाही. वेगवेगळ्या वेळी तीन होन नजरेसमोर असून त्याला मिळाले नाहीत आणि तो पुढे जायला तयार नव्हता. त्या तीन होनांच्या मागे माझ्या तीन वेगवेगळ्या चुका होत्या.

पहिली चूक हौसेची. मॅग्नेट म्हटल्यावर मला शाळेतलं भौतिकशास्त्र आठवलं आणि ओढीचा जोर मी अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ठेवला. अंतर निम्मं झालं की जोर चौपट. खऱ्या लोहचुंबकाचा जोरसुद्धा असा सरळ बदलत नाही, पण तेव्हा ते सूत्र लिहून मी खूश होतो. होन आधी हळू सरकायचा, मग एकदम झेपावायचा. दिसायला सुरेख.

अडचण अशी की गेम इंजिन काळ सलग मोजत नाही. आम्ही युनिटी वापरत होतो आणि त्यात भौतिकाचं गणित दर ०.०२ सेकंदाला एकदा होतं. दोन गणितांच्या मधल्या काळात काय घडलं, हे इंजिनाला दिसत नाही. माझ्या सूत्रातला स्थिरांक ६० होता, आणि होन पाव एककाच्या आत आला की तो मिळाला असं मी ठरवलं होतं. आता अडीच एककांवरून स्थिर होन निघाला असं समजा. खेळाडूपासून ०.३ एकक अंतरावर येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे १९ एकक होतो. तिथे त्याला मिळणारं त्वरण असतं ६० भागिले ०.०९, म्हणजे जवळजवळ ६६७. पुढच्या एका टप्प्यात त्याच्या वेगात आणखी १३ मिळतात आणि वेग ३२ होतो. ०.०२ सेकंदात तो ०.६४ एकक पुढे जातो. म्हणजे खेळाडूच्या अलीकडे ०.३ वर असलेला होन पुढच्या क्षणी पलीकडे ०.३४ वर उभा. पाव एककाच्या वर्तुळात तो कोणत्याच टप्प्यात सापडत नाही.

याहून वाईट पुढे होतं. पलीकडे गेल्यावर जोर त्याला मागे ओढू लागतो, पण आता अंतर झपाट्याने वाढत असतं, त्यामुळे ओढ तितक्याच झपाट्याने कमी होते. येताना मिळालेला सगळा वेग परत काढून घेतला जात नाही. मी पुढचे टप्पे कागदावर मांडले तेव्हा दिसलं की स्थिर असलेला होन मॅग्नेटच्या कक्षेबाहेर पडताना सेकंदाला सुमारे १८ एकक वेगाने जातोय. ही ऊर्जा कुठूनही आलेली नव्हती, ती माझ्या तुटक गणिताने जन्माला घातली होती. भाच्याचा पहिला होन असा तटावरून थेट दरीत गेला होता.

म्हणून मी सूत्र काढून टाकलं आणि कुठूनही सारखाच जोर लावला, त्वरण ४०. होन आता दरीत जाईनात, पण फिरायला लागले. घाण्याच्या बैलासारखे, न थकता. हाच तो भाच्याचा गरगरणारा होन.

याचं कारण समजायला मला दोन दिवस लागले, आणि ते समजलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली, कारण ते ग्रहांच्या धड्यातलंच होतं. होन पेटीतून उसळून बाहेर पडायचे, तेव्हा त्यांना आडवा वेग असायचा. ओढ नेहमी खेळाडूच्या दिशेने असते, त्यामुळे ती होनाला जवळ आणू शकते, पण त्याचा कोनीय संवेग ती कधीच कमी करू शकत नाही. अंतर घटलं की आडवा वेग वाढतो. दोन एककांवर असलेल्या होनाला सेकंदाला चार एकक इतका आडवा वेग असेल, तर माझ्या ४० च्या जोराने तो जास्तीत जास्त पाऊण एककापर्यंत जवळ येतो आणि पुन्हा दोनवर जातो. पाव एककाची रेषा तो आयुष्यात ओलांडत नाही. होन स्थिर असला तरी सुटका नव्हती. शेजारून धावत जाणाऱ्या खेळाडूच्या दृष्टीने तो होनच आडवा पळत असतो. मी मात्र कायम मावळ्याला मोकळ्या मैदानात उभा करून, समोर एक स्थिर होन ठेवून तपासत होतो. त्या तपासणीत माझं कोड कधीच नापास झालं नसतं.

मग मी होनांना ड्रॅग लावला, म्हणजे हवेसारखा अडथळा. मूल्य ठेवलं ६. फिरणं थांबलं, होन वळसा घेत आत यायला लागले. मी समाधानाने झोपलो. सकाळी भाच्याने धावत पातळी पार केली तर त्याच्या मागे सात-आठ होनांची माळ, लग्नाच्या वरातीसारखी. धावणं थांबवलं की सगळे एकदम अंगावर. हिशेब सोपा होता, मीच केला नव्हता. जोर ४० आणि ड्रॅग ६, म्हणजे होनाचा वेग ६.७ च्या वर जाऊच शकत नाही. आमचा मावळा धावतो ७ ने. पाठलाग करणारा कायमच मागे. दुसरा होन या वरातीत अडकला होता. पातळी संपली तेव्हा तो अजून वाटेतच होता आणि मोजणीत आला नाही.

या टप्प्यावर मी पहिल्यांदा दुसऱ्यांनी काय केलंय ते पाहिलं. सेगाच्या १९९४ च्या ‘सॉनिक ३’ मध्ये विजेची ढाल मिळाली की कड्या सॉनिककडे ओढल्या जातात. तिथे कडी बरोबर दिशेने जात असेल तर तिला बेताचं त्वरण मिळतं, आणि उलट दिशेने जात असेल तर त्याच्या चौपट. म्हणजे ब्रेक आहे, पण फक्त चुकीच्या दिशेला जाणाऱ्याला. मी सगळ्यांनाच ब्रेक लावून ठेवला होता.

मी ती युक्ती उचलणार होतो, पण तोवर तिसऱ्या होनाने मला खरा प्रश्न दाखवला. तो भिंतीमागे होता. मॅग्नेटची कक्षा वर्तुळाकार, तिला भिंत कळत नाही. खेळाडू भिंतीच्या अलीकडून गेला, पलीकडचा होन जागा झाला, भिंतीला जाऊन चिकटला आणि थरथरत राहिला. मी चिडून ओढल्या जाणाऱ्या होनांचा कोलायडरच बंद केला. आता ते भिंतीतून आरपार येऊ लागले, आणि दुसऱ्या पातळीवर चोरवाटेने जाऊन शोधायचा गुप्त खजिना लोकांना बाहेरच्या भिंतीला पाठ लावून मिळायला लागला. खजिना आपण शोधला, हेही त्यांना कळत नव्हतं.

तेव्हा लक्षात आलं की मी दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले होते. होनाने निघावं की नाही, हा एक. निघाल्यावर त्याने कसं यावं, हा दुसरा. भिंतीला पहिल्या प्रश्नात अधिकार आहे, दुसऱ्यात नाही. निघण्याआधी होनापासून खेळाडूपर्यंत एक सरळ रेषा टाकून पाहायची. मध्ये भिंत असेल तर होन झोपलेलाच राहील. पण एकदा निघाला की तो खेळाडूचा झाला. मग खेळाडू कोपऱ्यामागे वळो किंवा खाली उडी मारो, होन भिंतीतून का होईना, पण आलाच पाहिजे. खेळणाऱ्याने त्याला हलताना पाहिलं, तेव्हाच त्याने मनात तो मोजलेला असतो.

रेषेतही मी एकदा फसलो. ती खेळाडूच्या पायांपर्यंत टाकली होती, तर ती जमिनीला घासून जायची आणि समोर पडलेला होनही ‘भिंतीमागे’ ठरायचा. रेषा छातीपर्यंत नेली आणि खालून उडी मारून जाता येतं अशा फळ्या तिच्यातून वगळल्या, तेव्हा ती भरवशाची झाली.

निघालेल्या होनाला आता भौतिकाशी काही देणंघेणं नाही. त्याच्या जुन्या वेगाचा कोडमध्ये उल्लेखच नाही, त्यामुळे फिरायला कारण उरत नाही. `MoveTowards` लक्ष्याच्या पलीकडे जातच नाही, त्यामुळे निसटणंही संपलं. वेग काळाबरोबर वाढतो. अडीच एकक मागे राहिलेला होन ७ ने पळणाऱ्या मावळ्याला साधारण अर्ध्या सेकंदात गाठतो. आणि काही कारणाने नाहीच गाठलं, तर दीड सेकंदानंतर तो मिळाला असं धरून टाकतो.

```csharp
void Update() {
    t += Time.deltaTime;
    float step = (4f + 30f * t) * Time.deltaTime;
    Vector2 target = player.position;
    transform.position = Vector2.MoveTowards(
        transform.position, target, step);
    float d = Vector2.Distance(transform.position, target);
    if (d < 0.25f || t > 1.5f) Collect();
}
```

पातळी संपताना जे होन हवेत असतील तेही मोजणीत धरतो.

यात मर्यादा आहे. असा होन दगडाला आपटून उसळत नाही, वाऱ्याने हलत नाही. जिथे वस्तू वाटेत अडणं हाच खेळाचा भाग आहे तिथे हे चालणार नाही. पण आमच्याकडे तसं काही नव्हतं. होन खेळाडूला द्यायचा हे आधीच ठरलेलं होतं, फक्त तो येताना दिसायला हवा होता. मी मात्र ठरलेली गोष्ट जोर, घर्षण आणि टकरींच्या हवाली करून ती बरोबर घडेल अशी आशा करत होतो.

तुम्ही असं काही करत असाल तर तपासताना उभे राहू नका. पूर्ण वेगात धावत वस्तूच्या शेजारून जा, कोपऱ्यावर वळा, भिंतीला पाठ लावून उभे राहा, आणि शेवटी आकडा मोजा. माझ्या होनाच्या फाइलमध्ये आता `AddForce` एकदाही येत नाही.