लवकरच

पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक लॉज आहे. तिथे मी दीड वर्ष रिसेप्शनवर होतो. चार मजले, बावीस खोल्या, एक लिफ्ट. राहायला येणारे बहुतेक जण पेशंटचे नातेवाईक. लातूर, सोलापूर, नांदेड, बीड इथून आलेले. कुणाचं ऑपरेशन उद्या, कुणाचे रिपोर्ट परवा. फिरायला म्हणून आमच्याकडे कुणीच येत नसे. नुसत्या ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ने भागेल असं हे गिऱ्हाईक नाही, हे मला जरा उशिरा कळलं.

मे महिन्यातला सोमवार होता. सकाळी साडेअकराला लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. आत कुणी नव्हतं, तेवढं बरं. मी मेंटेनन्सवाल्यांना फोन केला, मेन स्विच पाडला आणि ड्रॉवरमधली नेहमीची पाटी काढून तळमजल्यावरच्या लिफ्टच्या दाराला अडकवली. पाटी लॅमिनेट केलेली होती, म्हणजे बरीच वर्षं वापरात होती. ‘तांत्रिक कारणास्तव लिफ्ट बंद आहे. लवकरच सुरू होईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

एक वाजता ३०४मधले काका-काकू हॉस्पिटलमधून परत आले. काकांची आदल्या दिवशी मांडीतून नळी घालून अँजिओग्राफी झालेली. दोन-तीन दिवस जिने चढायचे नाहीत, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. काकूंनी पाटी वाचली आणि मला विचारलं, “किती वेळ लागेल, बाळा?”

“होईल हो काकू, लवकरच. माणूस यायलाच लागलाय.”

ते दोघं लॉबीतल्या बाकावर बसले. औषधं वर, डबा वर, फोनचा चार्जर वर. काकू एकदा वर जाऊन औषधं घेऊन आल्या, मग डब्यासाठी, मग चार्जरसाठी. तीन मजल्यांच्या साठ पायऱ्या, तीन वेळा. काकांनी बाकावरच जेवण केलं, भिंतीला टेकून डोळे मिटले. मी दर अर्ध्या तासाने म्हणत होतो, “झालंच काका.”

मी खोटं बोलत होतो का? तेव्हा तसं वाटलं नव्हतं. मेकॅनिक दोनला आला. त्याने सांगितलं की प्रत्येक मजल्याच्या दाराला एक कुलूप-स्विच असतो आणि हे सगळे स्विच एकाच तारेत ओळीने जोडलेले असतात. एक जरी नीट लागला नाही तरी लिफ्ट हलत नाही. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो, अर्ध्या तासात होईल. त्याने दुसऱ्या मजल्याचं दार साफ केलं, पट्टी सरळ केली. लिफ्ट एक मजला गेली आणि परत थांबली. मग तो वर मशीन रूममध्ये गेला. सहाला खाली आला तो घाम पुसतच. कंट्रोलरमधलं कार्ड गेलंय, नवीन उद्या दुपारी मिळेल.

काकूंनी ते ऐकलं. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “दुपारीच सांगितलं असतंस ना, की खात्री नाही म्हणून, तर आम्ही हडपसरला माझ्या बहिणीकडे गेलो असतो. तिचं घर खालीच आहे.”

याहून वाईट गोष्ट मला रजिस्टर उघडल्यावर दिसली. तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. त्यातली एक सकाळी अकरापासून रिकामी होती. ती मी तीन वाजता एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीला दिली होती, कारण त्याने तळमजलाच मागितला. बाकावर अडकलेला माणूस समोर होता आणि रिकामी खोलीही समोर होती. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत, कारण लिफ्ट ‘लवकरच’ होणार होती. ती पाटी मी पाहुण्यांसाठी लावली होती, पण तिच्यावर सगळ्यात जास्त विश्वास मीच ठेवला.

मी त्या प्रतिनिधीचा दरवाजा वाजवला. तो बाहेर गेलेला, फोन लागेना. शेवटी हॉस्पिटलला फोन करून विचारलं. अगदी सावकाश, ज्या पायातून नळी घातली त्यावर जोर न देता चढा, असं त्यांनी सांगितलं. प्रत्येक मजल्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली. साठ पायऱ्यांना पंचवीस मिनिटं लागली. रात्री दोनदा वर जाऊन मी विचारून आलो. काका ठीक होते. गोष्ट इथेच संपली, हे नशीब. माझं कर्तृत्व त्यात काही नव्हतं.

त्या रात्री मी नवीन पाटी लिहायला बसलो. पहिला मसुदा अर्धा पानभर झाला. त्यात दाराचा स्विच होता, कार्ड होतं, मेंटेनन्सवाल्यांचा उशीर होता. सगळं खरं होतं, पण वाचणाऱ्याच्या काही कामाचं नव्हतं. हातात पिशव्या घेऊन लिफ्टसमोर उभ्या असलेल्या माणसाला कार्ड कुठलं गेलं याच्याशी काय घेणं? मी काकूंच्या जागी उभं राहून पाहिलं. त्यांना चारच गोष्टी हव्या होत्या. काय बंद आहे, कधीपर्यंत, तोवर माझ्यासाठी काय सोय आहे, आणि कुणाला सांगू?

यातलं ‘कधीपर्यंत’ सगळ्यात अवघड. दुरुस्तीची वेळ आपल्याला खरंच माहीत नसते. म्हणूनच आपण ‘लवकरच’ लिहितो, तो शब्द कुठल्याच वेळेला बांधील नसतो. मला सुचलेला उपाय साधा होता. दुरुस्ती कधी होईल हे आपल्या हातात नाही, पण पुढची बातमी कधी देऊ हे आपल्या हातात आहे. ‘चार वाजता इथेच नवीन माहिती लिहू’ हे वचन पाळता येतं. लिफ्ट झाली नसली तरी चारला पाटी बदलायची आणि नवी वेळ टाकायची. काकूंना दुपारी एवढं जरी कळलं असतं, तरी त्यांनी चारची वाट न पाहता रिक्षा केली असती.

‘तोवर काय सोय आहे’ लिहिण्याआधी उठून बघावं लागतं. ‘सामान वर पोचवू’ लिहायचं तर त्या वेळी ड्यूटीवर मुलगा आहे का, ते विचारायचं. ‘तळमजल्यावर खोली मिळेल’ लिहायचं तर ती खोली रजिस्टरमध्ये अडवून ठेवायची, नाहीतर तीन वाजता कुणीतरी ती घेऊन जातो. आणि काही गोष्टी लिहायच्याच नाहीत. ‘पेशंटला खुर्चीवर उचलून नेऊ’ असं एकदा आमचा पोऱ्या उत्साहात म्हणाला होता. जिन्यावरून माणूस उचलणं शिकावं लागतं. पाय घसरला तर दोघंही पडतात.

मंगळवारी सकाळी सातला ही पाटी लागली:

‘लिफ्ट बंद आहे. सुटा भाग आज दुपारी येणार आहे, तोवर सुरू होणार नाही. पुढची माहिती दुपारी ४ वाजता इथेच लिहू. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्यासाठी तळमजल्यावरची एक खोली राखून ठेवली आहे, जादा भाडे नाही. सामान, जेवण, औषधे वर-खाली आम्ही पोचवू. रिसेप्शन: फोनवर ९ दाबा. आज खोली सोडायची असेल तर आजचे भाडे घेणार नाही.’

शेवटच्या वाक्यावरून मॅनेजरमामांशी वाद झाला. “असं लिहिलंस तर लोक निघून जातील,” मामा म्हणाले. एक कुटुंब खरंच गेलं. त्यांची आजी चौथ्या मजल्यावर होती. त्यांच्याकडून त्या दिवसाचं भाडं घेतलं नाही आणि मामा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. काका-काकूंना राखलेली खोली देऊ केली. आता वर चढून झालंय, परत उतरायला नको, असं म्हणून काका वरच थांबले. काकूंचा चहा आणि डबा मात्र आम्ही वर पोचवला.

पाटी कुठे लावायची हेही शिकावं लागलं. जुनी पाटी फक्त तळमजल्यावर होती. चौथ्या मजल्यावरचा माणूस बटण दाबून दहा मिनिटं उभा राहायचा. आता प्रत्येक मजल्यावर, डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरात. वाचता न येणाऱ्यांसाठी आणि वयस्कर पाहुण्यांसाठी खोलीत फोन करून तोंडी सांगायचं. जे अजून एसटीत बसून येतायत, त्यांना आधीच कळवायचं. दारात आल्यावर कळलं तर त्यांच्याकडे दुसरा पर्यायच उरत नाही.

पुढच्याच महिन्यात हीच रीत पाण्याला लागली. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने, ही पुणेकरांच्या ओळखीची बातमी. पूर्वी आम्ही काहीच लिहीत नसू. टाकी पुरली तर पुरली. या वेळी हिशोब केला. खालची टाकी आठ हजार लिटर, वरची पाच हजार. आमचा रोजचा खर्च सुमारे सात हजार. गुरुवार सकाळ ते शुक्रवार दुपार, म्हणजे दीड दिवसाला साडेदहा हजार. बुधवारी दोन्ही टाक्या भरल्या तर पुरतं, पण जेमतेम. दहा मिनिटांच्या शॉवरला ऐंशी लिटर सहज जातात, बादलीला वीस. म्हणून बुधवारी संध्याकाळी प्रत्येक बाथरूममध्ये, नळाच्या वर, चिठ्ठी चिकटवली:

‘उद्या महापालिकेचे पाणी बंद आहे. टाकीतले पाणी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ८ सोडू. कृपया बादलीने अंघोळ करा, शॉवर नको. फ्लशसाठी एक बादली भरून ठेवा. पिण्याचे पाणी लॉबीत जारमध्ये. पेशंटसाठी कधीही पाणी लागले तर ९ दाबा, बादली आणून देऊ.’

गुरुवारी ९चा फोन सहा वेळा वाजला. सहा बादल्या वर गेल्या. शुक्रवारी दुपारी वरच्या टाकीत हातभर पाणी उरलं होतं. मामा गच्चीवरून खाली आले, ड्रॉवर उघडला, जुनी लॅमिनेट केलेली पाटी काढली आणि हिशोबाच्या वहीखाली पॅड म्हणून ठेवून दिली.