‘असल्यास’

दिल्लीतील एखाद्या समितीचा लांबलेला पत्रव्यवहार. सहकाऱ्याच्या मसुद्यावरचा खासगी शेरा ‘सर्वांना उत्तर’ या एका कळीने साऱ्यांपुढे जातो. जीमेलमध्ये पाठवलेले मागे घेण्याची मुदत जास्तीत जास्त ३० सेकंदांची. पुढे उरते ते क्षमापत्र. ‘कोणी दुखावले असल्यास’ असे त्यात लिहिले, की ते ‘असल्यास’ दुखावलेल्याचे दुःखच संशयास्पद ठरवते. ‘आपल्या मसुद्याविषयी मी अवमानकारक लिहिले’ हे विधान पळवाट ठेवत नाही. ते प्रथम त्या सहकाऱ्याला स्वतंत्रपणे लिहावे. अपमान सर्वांसमक्ष झाला, म्हणून सर्वांनाही एक ओळ जावी. मात्र खाली चिकटून येणारा मूळ शेरा पुसूनच. ‘चुकून गेले’ हे खरेच असते. पण क्षमा जाण्याची नव्हे, लिहिण्याची मागायची असते.