उमासे आणि स्कॅनर

ट्रे तोंडात गेला की काकांना उमासे येत, म्हणून दाढेच्या कॅपसाठी मी स्कॅनर घेतला. काका खुर्चीत असतानाच लॅबमधून फोन आला: "डॉक्टर, मागची मार्जिन दिसत नाहीये." हिरडीतून रक्त येत होतं, आणि रक्ताखालचं कॅमेऱ्याला दिसत नाही. हिरडीत दोरा भरला, रक्त थांबवलं, तेवढाच भाग पुन्हा स्कॅन केला. सिलिकॉनच्या मापात हे माझ्या नजरेतून सुटलं असतं, तर लॅबमध्ये प्लास्टर ओतल्यावर कळलं असतं. मग काका परत, ट्रे परत.

तरी पूर्ण जबड्याच्या कामाला मी अजून ट्रेच काढते. स्कॅनर छोटी छोटी चित्रं जोडत जातो आणि प्रत्येक जोडातली किंचित चूक साचत जाते. एका दाढेला ती बाधत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या ब्रिजला बाधते.

काकांची कॅप मात्र न घासता बसली.