मस्टरच्या बाहेरची माणसं

एप्रिल २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला निधी देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. पुढचा हप्ता पुढील सूचनेपर्यंत थांबवला आहे, नवीन खर्च करू नये, असं त्यात लिहिलं होतं. कंपनीला दोष देण्यात अर्थ नव्हता. कोरोनावरचा खर्च आणि पीएम केअर्सची देणगी सीएसआरमध्ये धरली जाईल, असं केंद्र सरकारने मार्चअखेर जाहीर केलं होतं. त्यामुळे आमच्यासारख्या कामांचा पैसा तिकडे वळणं साहजिकच होतं. ४ मे रोजी राज्याच्या वित्त विभागाचा शासन निर्णय आला. वर्षभराच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच निधी मिळणार आणि नवी भरती बंद, असा तो निर्णय होता. तहसीलकडून किंवा जिल्हा परिषदेकडून काही मिळेल ही आशाही त्या दिवशी संपली.

मी तेव्हा शिरूर कासारला एका लहान संस्थेचं काम बघत होतो. आपला तालुका ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. हंगामात आई-बाप कारखान्यावर जातात आणि मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. त्या मुलांची शाळा सुटू नये, हे आमचं काम. मस्टरवर २२ माणसं होती. गावोगावी काम करणारे १४ कार्यकर्ते ९ हजारांवर होते. पर्यवेक्षक, प्रशिक्षक आणि कारकून मिळून सहा जण १३ हजारांवर होते. हिशेब सांभाळणाऱ्या भाईंना २४ हजार आणि मला ३६ हजार मिळायचे.

पत्र वाचून मी आणि हिशेबनीस भाई रात्री वही उघडून बसलो. एप्रिलचे पगार बाजूला काढून खात्यात १५ लाख २० हजार राहत होते. महिन्याचा खर्च ४ लाख २४ हजारांचा. म्हणजे साडेतीन महिने. ऑगस्टच्या मध्याला खातं रिकामं होणार होतं. भाईंनी सुचवलं की सहा-सात कार्यकर्ते कमी केले तर सप्टेंबरपर्यंत ओढता येईल. दुसऱ्या कुठल्याही वर्षी मी कदाचित हो म्हणालो असतो. पण त्या एप्रिलमध्ये काढलेल्या माणसाला दुसरीकडे काम मिळायची शक्यता शून्य होती. आणि हंगाम अर्धवट टाकून ऊसतोड कामगार गावी परतत होते. विलगीकरण, रेशन, भेदरलेली मुलं हे सगळं त्याच १४ जणांच्या अंगावर येणार होतं.

सगळ्यांचाच पगार सारखा २० टक्के कापावा, ही माझी पहिली कल्पना. मला ती फार न्याय्य वाटत होती. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या अंगणात लिंबाखाली अंतर ठेवून सगळे बसले. मी वही सर्वांसमोर ठेवली, शिल्लक सांगितली आणि २० टक्क्यांचं बोललो. कोणी काही बोलेना. मग आमच्यातल्या सर्वांत जुन्या कार्यकर्त्या ताई म्हणाल्या, "सर, तुमचे वीस टक्के बँकेतून जातील. माझे अठराशे म्हणजे घरातलं तेल-पीठ."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आणि नुसतं दयेच्या दृष्टीने बरोबर होतं असं नाही. किमान वेतनाच्या खाली पगार नेता येत नाही, माणसाने लेखी संमती दिली तरी नाही. ९ हजारांना हात लावायचाच नाही, असं तिथेच ठरलं. माझे ३६चे २२ हजार झाले आणि भाईंचे २४चे १९. राहिले ते मधले सहा जण.

तिथे भविष्यनिर्वाह निधीने वाट दाखवली. २६ मार्चला केंद्राने गरीब कल्याण योजना जाहीर केली होती. जिथे शंभरपर्यंत माणसं आहेत आणि त्यांपैकी किमान ९० टक्के लोकांचा पगार १५ हजारांच्या आत आहे, अशा ठिकाणी त्या कमी पगारवाल्यांचे दोन्ही हिस्से, कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचेही १२ टक्के, सरकार भरणार होतं. सुरुवातीला ही सवलत तीन महिन्यांसाठी होती, नंतर ती ऑगस्टपर्यंत वाढली. आमच्याकडे २२ पैकी २० जण १५ हजारांच्या आत होते, म्हणजे जवळजवळ ९१ टक्के. भाईंनी पाटीवर मांडून दाखवलं. कमी पगाराचे तिघे काढले तर १९ पैकी १७ उरतात, म्हणजे साडे८९ टक्के. अट मोडते आणि सगळ्यांचीच सवलत जाते. तिघांना काढून महिन्याला २७ हजार वाचणार होते, आणि तेवढ्यासाठी साडेचोवीस हजारांची सवलत हातची जाणार होती. काढण्याची गोष्ट त्या पाटीवरच संपली. नंतर मला वाटत राहिलं, की खर्च कमी करायचा म्हटल्यावर आपण आधी माणसं मोजतो आणि हा हिशेब शेवटी करतो.

सवलतीचा दुसरा फायदा पगाराच्या दिवशी कळला. ९ हजारवाल्यांचे १,०८० रुपये कापले गेले नाहीत, पूर्ण ९ हजार हातात पडले. १३ हजारवाल्या सहा जणांनी हजार-हजार रुपये सोडायला होकार दिला. पूर्वी कपात होऊन त्यांच्या हातात ११,४४० यायचे, आता १२ हजार येऊ लागले. पगार कमी झाला तरी घरी नेण्याचे पैसे ५६० रुपयांनी वाढले. मात्र हे ऑगस्टपर्यंतच, त्यानंतर हातात १०,५६० पडतील, हे मुदतवाढ कळताच भाईंनी लिहून दिलं. सवलत संपल्याचा धक्का सप्टेंबरमध्ये बसण्यापेक्षा मे महिन्यात माहीत असलेला बरा.

मी आणखी एक गोष्ट लिहून दिली. हे पैसे कापलेले आहेत, उसने घेतलेले नाहीत. परिस्थिती सुधारली की परत देऊ, असं म्हणायचा मोह होत होता. पण कुठून देणार हे मलाच माहीत नव्हतं. जे फेडता येणार नाही त्याला कर्ज म्हणू नये. सहा महिन्यांनी लोक त्याचा हिशेब मागतात, आणि तो मागणं योग्यच असतं.

मग बाकीचा खर्च कापला. प्रशिक्षणं, जेवणं आणि छपाईचे ६० हजार टाळेबंदीमुळे आपोआपच थांबले. घरमालकाला दोन खोल्या परत दिल्या, भाडं १४चं ७ हजारांवर आलं. भाड्याच्या दोन जीपगाड्या बंद केल्या, तिथे ५६ हजार वाचले. त्यांच्या जागी मोटारसायकलचं पेट्रोल आणि मोबाइलचं रिचार्ज मिळून १२ हजार धरले. महिन्याचा खर्च २ लाख ६४ हजारांवर आला आणि साडेतीन महिन्यांचे पावणेसहा महिने झाले.

पैशाइतकंच लोकांचं मन सांभाळायचं होतं. त्यासाठी दोनच नियम पाळले. पगार ७ तारखेला म्हणजे ७ तारखेलाच. मे महिन्यात तर पगार झाल्यावर अडीच आठवड्यांनी ईद होती, त्यामुळे आमच्या मुस्लिम कार्यकर्त्यांनी पहिला प्रश्न तारखेचाच विचारला होता. दुसरा नियम असा, की दर शनिवारी भिंतीवर कागद लागायचा. त्यावर तीनच ओळी असायच्या, शिल्लक किती, या आठवड्यात गेले किती, आणि किती महिने पुरतील. पहिल्या महिन्यात लोक तो कागद दोन-दोनदा वाचायचे. जूनमध्ये जाता-जाता नजर टाकायचे. लोक निर्धास्त झाल्याची खूण मला तिथे दिसली.

उलटी खूणही दिसली. ऑगस्टमध्ये घाबरून मी पेट्रोल बंद केलं. वाचणार होते ६ हजार. पुढच्या बैठकीत कोणी तोंड उघडलं नाही. दोघांनी अनुभवाचा दाखला मागितला. आणि लोकांनी खर्चाची बिलं द्यायचंच सोडलं. बिलं कमी झाली म्हणून मी खूश होतो. ताईंनी सांगितलं, लोक स्वतःच्या खिशातून भरतायत, कारण मागितलं की आपलं नाव पुढे येईल अशी त्यांना भीती आहे. दहा दिवसांत पेट्रोल पुन्हा सुरू केलं. काप एकदाच घालायचा, मोठा असला तरी चालेल. दुसऱ्यांदा कात्री काढली की माणूस तिसऱ्या वेळेची वाट बघत बसतो.

मधल्या काळात एका दुसऱ्या संस्थेचं रेशन-किट वाटपाचं काम आमच्या माणसांनी केलं. त्यापोटी तीन महिने ६०-६० हजार मिळाले. ऑक्टोबरचे पगार केल्यावर खात्यात २५ हजारही नव्हते, तेव्हा थांबलेल्या हप्त्यातला अर्धा जमा झाला. अहवालात मी लिहिलं, "एकाही माणसाला कामावरून कमी केलं नाही."

हे वाक्य खरं आहे आणि खोटंही.

दोन जीपगाड्या बंद केल्या, असं मी वर एका ओळीत लिहून मोकळा झालो. त्या गाड्या चार वर्षं आमच्याकडे चालत होत्या. एका गाडीवाल्याला आम्ही सगळे मामा म्हणायचो. प्रशिक्षणात जेवण करणाऱ्या मावशी होत्या, त्यांना दिवसाप्रमाणे पैसे मिळायचे. ही तीन माणसं मस्टरवर नव्हती, त्यामुळे लिंबाखालच्या बैठकीला त्यांना कोणी बोलावलं नाही. त्यांना मी फोनवर सांगितलं, एकेका मिनिटात. ५६ हजार आणि ६० हजार हे कापलेल्या खर्चातले सगळ्यात मोठे आकडे होते. ते इतक्या सहज कापले गेले, कारण त्या आकड्यांमागची माणसं आमच्या यादीत नव्हती.

जुलैमध्ये मामा बाजारात भेटले. तक्रार नाही, काही नाही. "सर, पोरं कशी हायत आपली?" एवढंच त्यांनी विचारलं. मी ऑफिसला आलो आणि भाईंना वही उघडायला सांगितली. किट पोचवायला गाडी लागतच होती. महिन्याला ८ हजारांवर मामांना परत घेतलं. पूर्वीच्या २८ हजारांपुढे ते काहीच नव्हतं. मावशींना नोव्हेंबरपर्यंत काही देता आलं नाही. दुसऱ्या गाडीवाल्याने तोवर हप्ते थकल्यामुळे जीप विकून टाकली होती. ते परत आले नाहीत.

आता कोणी लहान संस्थावाले अशा वेळी काय करावं म्हणून विचारतात, तेव्हा मी पाटीवरचा हिशेब सांगतो, शनिवारचा कागदही सांगतो. पण त्याआधी एक यादी करायला लावतो. आपल्याकडून महिन्याला पैसे जातात त्या प्रत्येक माणसाची, मस्टरवर असो वा नसो. आमची यादी २२ची नव्हती. ती २५ची होती.