१५२ ला नापास, १५१ ला पास

निकाल लागला तेव्हा मी कॉलेज रोडच्या आमच्या खोलीत होते आणि रूममेट समोरच्या कॉटवर. दोघींनी सप्टेंबर २०२५ मध्ये सीए इंटरमीजिएटचा पहिला ग्रुप दिला होता. तिचा हा दुसरा अटेम्प्ट, माझा तिसरा. नोव्हेंबर नुकता लागला होता आणि दिवाळीचा उरलेला चिवडा डब्याच्या तळाशी मऊ पडत चालला होता. आधी माझा निकाल उघडला. पास. मग तिचा. तिला १४७.

पास होणाऱ्या माणसाने किंचाळायचं असतं. मी हळूच मोबाइल उलटा ठेवला.

घरी कळवायचं तर आधी निकालाचा फोटो आणि फोटो म्हटला की खाली काहीतरी लिहिणं आलं. त्या दोन ओळींना मला जवळजवळ दीड तास लागला. लॉच्या पेपरातल्या कुठल्याही उत्तराला इतका वेळ दिला नव्हता.

अडचण माझ्या गुणांतच होती. ग्रुपमध्ये शंभर-शंभर गुणांचे तीन पेपर असतात: अॅडव्हान्स्ड अकाउंटिंग, लॉ आणि टॅक्सेशन. पास व्हायला दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि तिन्ही मिळून किमान १५०. जानेवारीत मला ५८, ५६ आणि टॅक्सेशनला ३८ पडले. बेरीज १५२, म्हणजे पुरेशी, पण ३८ ने घात केला. मेमध्ये ४९, ५२, ४७. तिन्ही पेपरांत पास, बेरीज १४८, म्हणून ग्रुपात नापास. एखाद्या पेपरात ६० मिळाले असते तर एक्झेम्प्शन लागून तो पेपर पुढच्या तीन अटेम्प्टना द्यावा लागला नसता. मी मात्र ५८ वर थांबले होते, म्हणून दोन्ही वेळा तिन्ही पेपर पुन्हा. आणि आता ५१, ५४, ४६. बेरीज १५१.

हे घरी समजावणं सोपं नव्हतं. आमच्या पिंपळगावकडे पोरगी पास होते किंवा नापास होते, ‘तिन्ही विषयांत पास आणि एकूण नापास’ हा प्रकार कुणाला ठाऊक नाही. आजीला वाटलं, मीच काहीतरी लपवतेय. पप्पांना मात्र जानेवारीच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हाच कळलं होतं, कारण आमची द्राक्षं एक्स्पोर्टला जातात. “म्हणजे माल चांगला, वजन चांगलं, पण एका औषधाचा अंश जास्त निघाला,” ते म्हणाले होते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशापायी युरोपात द्राक्षं अडली, ते वर्ष त्यांच्या अजून डोक्यात आहे. मेच्या परीक्षेचा निकाल ऐकून म्हणाले, “या वेळी माल पास आहे गं, वजनच भरलं नाही.” दोन्ही अटी मला क्लासमध्येसुद्धा कुणी इतक्या नीट सांगितल्या नव्हत्या.

तर फोटो. पहिलं काम कापाकापीचं. निकालाच्या पानावर नाव, रोल नंबर आणि WRO ने सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर असतो. हे दोन नंबर टाकूनच निकाल उघडतो, तेव्हा ते चारचौघांत मिरवायचे नसतात. आधी मी मोबाइलमधल्या पेनने त्यावर काळं फासलं. रूममेटने माझ्या हातातून मोबाइल घेतला, ब्राइटनेस वाढवला आणि सगळे आकडे मला मोठ्याने वाचून दाखवले. ते पेन म्हणजे हायलायटर होतं, रंग अर्धवट पारदर्शक. मग तो भाग सरळ कापूनच टाकला. नापास झालेली मुलगी पास झालेलीचा फोटो कापून देतेय, हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं. दोघी गप्प बसलो.

मग मजकूर. पहिला मसुदा: “कष्टाचं चीज झालं.” हा लिहिला आणि समोर पाहिलं. कष्ट तर तिनेही तेवढेच केले होते, उलट पहाटेचा चहा रोज तिनेच केला होता. चीज माझ्याच कष्टांचं झालं असं कसं म्हणायचं? खोडला.

दुसरा: “देवाची कृपा.” आजीला हा आवडला असता. पण मग जानेवारीत आणि मेमध्ये देव कुठे होता, याचं उत्तर तयार ठेवावं लागलं असतं. शिवाय कृपा करायचीच होती तर वरचा एकच गुण का दिला, हेही विचारावंसं वाटलं.

तिसरा मला फार नम्र वाटत होता: “अभ्यास काहीच नव्हता, कशीबशी पास झाले.” तो मी मोठ्याने वाचला. “काहीच नव्हता?” ती म्हणाली. “मग मी काय केलं गं इतके महिने?” त्या क्षणी तो मसुदा मेला. अभ्यास केलेल्या माणसाने ‘केलाच नव्हता’ म्हणणं नम्रपणा वाटतो खरा, पण त्यात अभ्यास करून राहून गेलेल्यांना चिमटा असतो. स्वतःला छोटं करताना शेजारच्यालाही नकळत खाली ओढलेलं असतं. हसायचंच तर ज्यावर आपलाच हक्क आहे अशा गोष्टीवर हसावं. माझ्याकडे अशी एकच गोष्ट होती: माझी बेरीज.

आणखी एक भीती होती. फोटोत ‘PASS’ दिसलं की गावाकडे मी लगेच ‘सीए’ होते. खरं तर अजून दुसरा ग्रुप आहे. तो निघाल्याशिवाय नव्या नियमांत आर्टिकलशिप सुरू होत नाही. ती दोन वर्षांची, त्यानंतर फायनल. नावापुढे सीए लावायचं तर त्याच्याही पुढे सभासदत्व घ्यावं लागतं. म्हणून बाकी काय आहे ते मजकुरातच सांगायला हवं होतं, आणि तेही सुरुवातीलाच, कारण दोन ओळींनंतर मजकूर दुमडला जातो आणि मामा-काका काही तो उलगडून वाचत नाहीत.

शेवटी लिहिलं: “१५२ ला नापास झाले होते, १५१ ला पास झाले. एक ग्रुप निघाला, एक बाकी आहे, म्हणून पेढा अर्धाच मिळेल.”

टाकण्याआधी तिला दाखवलं. तिने दोनदा वाचलं, ‘निघाला’वर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हे ठेव. दाढ निघाल्यासारखं वाटतंय.” क्लासमध्ये आम्ही सगळे असंच म्हणतो, ग्रुप निघाला. ‘उत्तीर्ण’ कुणी म्हणत नाही. उत्तीर्ण होतात ते सत्काराच्या फ्लेक्सवर.

पाच मिनिटांत मोठ्या काकांचा संदेश: “अभिनंदन सीए मॅडम!” त्यांनी पहिली ओळसुद्धा वाचली नव्हती. आत्याने विचारलं, गुण कमी होऊनही पास कशी, काही ओळख लावली का? पप्पा फवारणीत होते. संध्याकाळी फोन आला. मागे ब्लोअरचा आवाज चालूच होता. “माल गेला ना एकदाचा?” एवढंच म्हणाले आणि आजीकडे फोन दिला. आजीला अर्ध्या पेढ्याचा हिशोब मान्य नव्हता. तिने आधीच दोन किलो सांगून ठेवले होते.

रूममेटने माझ्या फोटोखाली सगळ्यांसारखं काही लिहिलं नाही. रात्री दिवा घालवल्यावर समोरच्या कॉटवरून तिचा आवाज आला, “लॉच्या नोट्स मला देऊन टाक. आणि तो अर्धा पेढा नको. उद्या मिसळ खाऊ घाल, अख्खी. पाव जास्तीचे.”